उणे टोकावर शून्य व्होल्ट येतात कुठून?

फळ्यावर आज एकच आकृती आहे. एक ऑप-ॲम्प, त्याचं अधिक टोक थेट ग्राउंडला. सिग्नल येतो दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून आणि उणे टोकाला पोचतो. आउटपुटपासून त्याच उणे टोकाकडे परत येतो शंभर किलोओहमचा दुसरा रेझिस्टर. पहिल्याला R1 म्हणू, दुसऱ्याला R2. दोन प्रश्न विचारते: याचा गेन किती, आणि सिग्नल देणाऱ्याला हे सर्किट किती रेझिस्टन्सचं भासतं?

पहिल्याचं उत्तर वर्गात लगेच येतं, उणे दहा. दुसऱ्याचं उत्तरही तितक्याच खात्रीने येतं: अनंत, कारण आदर्श ऑप-ॲम्पचा इनपुट रेझिस्टन्स अनंत असतो. हे दुसरं उत्तर साफ चुकीचं आहे. गंमत अशी की ज्या गृहीतकावरून गेन काढला, त्याच गृहीतकात याचंही बरोबर उत्तर दडलेलं असतं. फक्त तिथवर कुणी थांबत नाही.

ते गृहीतक म्हणजे व्हर्च्युअल शॉर्ट. ऑप-ॲम्पच्या दोन्ही इनपुट टोकांचं व्होल्टेज सारखं मानायचं. इथे अधिक टोक ग्राउंडला आहे, म्हणून उणे टोकही शून्य व्होल्टवर. पाठ करायला हे सोपं आहे, पण माझा आग्रह असा की आधी विचारा: हे शून्य तिथे ठेवतं कोण? उणे टोक ग्राउंडला कुठल्याच तारेने जोडलेलं नाही.

तो क्षण जरा सावकाश पाहू. सुरुवातीला सगळं शून्यावर आहे. इनपुट अचानक ०.१ व्होल्टवर गेलं, पण आउटपुट अजून हललेलं नाही, असं धरा. आता एका बाजूला ०.१ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, आणि मध्ये दोन रेझिस्टर. उणे टोक त्यांच्या सांध्यावर आहे, तेव्हा त्याच्यावर साधारण ९१ मिलिव्होल्ट येतील. ऑप-ॲम्पला दिसतं की उणे टोक अधिक टोकापेक्षा वर गेलंय, म्हणून तो आउटपुट खाली ओढू लागतो. आउटपुट खाली जातं तसं R2 मधून सांधाही खाली खेचला जातो. हे ओढणं कुठे थांबेल? सांधा पुन्हा शून्याजवळ आला की. दोन हातांची तरफ डोळ्यांसमोर आणा: एक हात एक भाग लांब, दुसरा दहा भाग, आणि टेकू म्हणजे आपला सांधा. छोटं टोक ०.१ ने वर गेलं, तर टेकू जागेवर राहण्यासाठी लांब टोकाला एक पूर्ण व्होल्ट खाली जावं लागतं. आउटपुट उणे एक व्होल्टवर स्थिरावतं.

म्हणजे शून्य ठेवणारा आहे फीडबॅक, आणि तोही उलटा फीडबॅक. आता "शून्याजवळ" म्हणजे किती जवळ? खऱ्या ऑप-ॲम्पचा स्वतःचा गेन, मंद सिग्नलसाठी, एक लाख धरू. आउटपुटला उणे एक व्होल्ट हवे असतील तर दोन टोकांत एक लाखांश व्होल्ट, म्हणजे १० मायक्रोव्होल्टचा फरक लागतो. तेवढा फरक तिथे असतोच. नसता तर आउटपुटही शून्य झालं असतं. आदर्श ऑप-ॲम्पमध्ये गेन अनंत धरला की हा फरक शून्याकडे जातो. टोकं आधी सारखी झाली आणि मग आउटपुट आलं, असा क्रम नाही. आउटपुट जिथे जायला हवं तिथे गेलं, म्हणून टोकं सारखी झाली.

"शॉर्ट" हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे. शॉर्ट केलेल्या दोन बिंदूंचं व्होल्टेज सारखं असतं, तेवढं इथे लागू. पण खऱ्या शॉर्टमधून करंटही वाहतो. इथे उणे टोकातून अधिक टोकाकडे काहीच वाहत नाही, कारण ऑप-ॲम्पची टोकं करंट घेत नाहीत. सांध्यावर आलेल्या करंटला ग्राउंडकडे वाट नाही. ही दोन वाक्यं, सांधा शून्यावर आणि करंट टोकात शिरत नाही, एकत्र धरली की आकडेमोड चार ओळींची राहते.

R1 च्या एका बाजूला ०.१ व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य. दहा किलोओहममधून १० मायक्रोअँपियर करंट सांध्याकडे येतो. तो टोकात जाऊ शकत नाही, म्हणून जसाच्या तसा R2 मध्ये शिरतो. शंभर किलोओहमवर १० मायक्रोअँपियर म्हणजे एक व्होल्ट पडतो. सांधा शून्यावर, तेव्हा R2 चं दुसरं टोक, म्हणजे आउटपुट, उणे एक व्होल्टवर. चिन्हांत लिहायचं तर:

```
Vin / R1 = -Vout / R2
Vout / Vin = -R2 / R1
```

आता इथेच थांबा, पान उलटू नका. इनपुट रेझिस्टन्स म्हणजे काय? सिग्नल देणाऱ्याने दिलेलं व्होल्टेज भागिले त्याच्याकडून घेतलेला करंट. व्होल्टेज ०.१, करंट १० मायक्रोअँपियर. भागाकार दहा किलोओहम.

```
Rin = Vin / (Vin / R1) = R1
```

R2 या उत्तरात येतच नाही. तो शंभर किलोओहमचा असो वा दहा लाख ओहमचा, स्रोताला फरक कळत नाही, कारण R1 चं पलीकडचं टोक कायम शून्यावर धरलेलं आहे. स्रोताला वाटतं, समोर ग्राउंडला जोडलेला एक साधा दहा किलोओहमचा रेझिस्टर आहे. मग तो करंट जातो कुठे, असं एकाने मागच्या वेळी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. तो R2 मधून ऑप-ॲम्पच्या आउटपुट पिनमध्ये जातो आणि तिथून उणे सप्लायकडे. इनपुटच्या टोकात काही शिरत नाही, पण आउटपुट तो करंट गिळतो.

"अनंत" म्हणणाऱ्यांची चूकही आता दिसते. ऑप-ॲम्पच्या टोकाचा रेझिस्टन्स अनंत आहे, हे खरंच. पण स्रोत त्या टोकाला नव्हे, R1 च्या या बाजूला जोडलाय. नॉन-इनव्हर्टिंग जोडणीत सिग्नल थेट अधिक टोकावर येतो, म्हणून तिथे आदर्श उत्तर अनंत असतं. तिथलं उत्तर इथे आणून चिकटवलं जातं.

याचा फटका कसा बसतो ते पाहा. एक सेन्सर आहे, त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स दहा किलोओहम. नुसता मल्टिमीटर लावला तर ०.१ व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः जवळजवळ काही ओढत नाही. सर्किटला जोडला की आउटपुटवर उणे एक व्होल्ट अपेक्षित, आणि दिसतात उणे अर्धा. ऑप-ॲम्प बदलतात, पुन्हा तेच. ऑप-ॲम्प निर्दोष आहे. सेन्सरचे दहा आणि R1 चे दहा मिळून वीस किलोओहममधून फक्त ५ मायक्रोअँपियर वाहतो, आणि शंभर किलोओहमवर त्याचे अर्धा व्होल्ट होतात. दुसऱ्या वाटेने गेलात तर जोडल्यावर R1 च्या तोंडाशी ५० मिलिव्होल्टच उरतात, त्यांना उणे दहाने गुणा, उत्तर तेच. दोन्ही वाटा एकदम धरायच्या नाहीत, एवढं सांभाळा: ५० मिलिव्होल्ट घेऊन पुन्हा वीस किलोओहमने भागलं तर स्रोताचा रेझिस्टन्स दोनदा मोजला जातो.

हीच युक्ती उलटी वापरून इनपुट रेझिस्टन्स मोजताही येतो. इनपुटशी मालिकेत एक रेझिस्टर घाला आणि आउटपुट बरोबर निम्मं होईपर्यंत त्याची किंमत वाढवा. निम्मं झालं की ती किंमत म्हणजेच इनपुट रेझिस्टन्स, मात्र स्रोताचा स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य हवा. या मोजणीत मीटर आउटपुटला लावायचा, सांध्याला नाही. प्रोबचा कपॅसिटन्स त्या सांध्याला मानवत नाही, काही वेळा सर्किट डोलू लागतं.

मग R1 मोठा घ्या, असं कुणीही म्हणेल. दहा किलोओहमऐवजी दहा लाख ओहम घेतला तर गेन दहा ठेवायला R2 एक कोटी ओहमचा लागेल. इथे आदर्शपणा साथ सोडतो. ७४१ सारख्या जुन्या ऑप-ॲम्पच्या टोकाला प्रत्यक्षात थोडा करंट लागतो, नेहमीचा आकडा ८० नॅनोअँपियर. सिग्नल शून्य असताना हा करंट R2 मधूनच यावा लागतो. एक कोटी ओहमवर त्याचे ०.८ व्होल्ट होतात, म्हणजे काहीही न देता आउटपुटवर ०.८ व्होल्ट. एफईटी इनपुटचा ऑप-ॲम्प घेतला तर हा त्रास बराच कमी होतो; नाहीतर सेन्सर आणि R1 यांच्यामध्ये एक व्होल्टेज फॉलोअर टाकावा. मी दुसरा मार्ग पसंत करते, कारण त्यात R1 आणि R2 आटोपशीर राहतात.

ऑप-ॲम्पचा मर्यादित गेन मात्र, मंद सिग्नलला, घाबरण्यासारखा नाही. A इतका गेन धरून गणित केलं तर इनपुट रेझिस्टन्स असा येतो:

```
Rin = R1 + R2 / (1 + A)
```

A एक लाख असेल तर दहा किलोओहममध्ये जेमतेम एक ओहमची भर. वारंवारता वाढते तशी A घटते आणि ही भर मोठी होते, पण तो विषय वेगळ्या दिवशी.

व्हर्च्युअल शॉर्ट खरा मोडतो तो आउटपुट सप्लायला टेकल्यावर. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट आहे आणि आउटपुट उणे ११ च्या खाली जात नाही, असं धरा. इनपुटला २ व्होल्ट दिले तर सूत्र उणे २० मागेल, मिळतील उणे ११. आता २ आणि उणे ११ यांच्यामध्ये ११० किलोओहम, करंट सुमारे ११८ मायक्रोअँपियर. R1 वर १.१८ व्होल्ट पडले, सांधा ०.८२ व्होल्टवर. शून्य गेलं. इनपुट रेझिस्टन्सही दहा किलोओहम राहिला नाही. २ भागिले ११८ मायक्रोअँपियर, म्हणजे १७ किलोओहमच्या आसपास. म्हणून संशय आला की, सर्किट डोलत नाही ना हे पाहत, उणे टोकाचं व्होल्टेज मोजावं. काही मिलिव्होल्टच्या आत असेल तर सूत्र लागू. पाऊण व्होल्ट दिसला तर सूत्र बाजूला ठेवा.

आणि एक खोडी. या आकृतीत अधिक-उणे टोकं अदलाबदल करून काढा, आणि पुन्हा व्हर्च्युअल शॉर्टने गेन काढा. उणे दहाच येईल. गणिताला टोकांची नावं दिसत नाहीत, ते फक्त "दोन्ही सारखी" एवढंच वापरतं. सर्किटमध्ये मात्र सांधा वर गेला की आउटपुट आणखी वर जातं, ते सांध्याला आणखी वर ओढतं, आणि सगळं अधिक ११ ला जाऊन चिकटतं. शिकत असताना मी एक अख्खी दुपार यावर घालवली आहे. वहीतलं गणित दहादा तपासलं, दहाही वेळा बरोबर आलं. शेवटी कंटाळून मीटर सांध्यावर ठेवला, तर १.०९ व्होल्ट. ७४१ च्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांवरच्या तारा बदलल्या, आणि आकडा शून्यावर आला.