लॉस कमी होतोय, मग फोटो धूसर का?

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. मी पहिल्यांदा फोटो चारपट मोठा करणारं मॉडेल ट्रेन केलं तेव्हा दोन रात्री लॉसचा, म्हणजे मॉडेलची चूक मोजणाऱ्या आकड्याचा, ग्राफ खाली खाली जाताना बघून खूश होतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिझल्ट उघडले तर काय, केसांचा झालाय गोळा, विटांच्या भिंतीची झालीय गिलावा केलेली भिंत, आणि चेहरे असे की सगळ्यांनी क्रीम थापून घेतलंय. मला वाटलं शेवटची लेयर बिघडलीय, ती पिक्सल मोठे करणारी. दोन दिवस तिच्याच मागे लागलो होतो आणि ती बिचारी निर्दोष होती. म्हणून आधी ती लेयर काय करते ते बघू, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील.

समजा ४८० बाय २७० चा फोटो आहे आणि तो १९२० बाय १०८० करायचाय. २०१४ चं एसआरसीएनएन नावाचं जे मॉडेल होतं ते आधी साध्या बायक्युबिक पद्धतीने फोटो मोठा करायचं आणि मग त्या मोठ्या फोटोवर कन्व्होल्यूशन चालवायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सलसाठी आजूबाजूच्या पिक्सलना शिकलेल्या आकड्यांनी गुणून बेरीज करायची, आणि त्या आकड्यांच्या संचाला फिल्टर म्हणतात. पण मोठ्या फोटोत वीस लाखांच्या वर पिक्सल आणि लहान फोटोत सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे तीच लेयर मोठ्यावर चालवली की सोळापट हिशेब, आणि बायक्युबिकने नवीन माहिती तर काहीच आलेली नसते. २०१६ मध्ये वेनझे शी आणि मंडळींनी ईएसपीसीएन नावाचं मॉडेल आणलं, त्यात सगळं काम लहान फोटोवरच करायचं आणि मोठं करायचं एकदम शेवटी. हे असं:

```python
conv = nn.Conv2d(64, 3 * 4 * 4, 3, padding=1)
out = nn.PixelShuffle(4)(conv(x))
```

इथे कन्व्होल्यूशन प्रत्येक लहान पिक्सलसाठी ४८ आकडे काढतं. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाचे सोळा. मग ते सोळा आकडे चार बाय चारच्या चौकोनात मांडायचे, पहिला डावीकडे वरच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या शेजारी, पाचवा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. बस्स. पिक्सलशफल म्हणजे निव्वळ मांडामांड आहे, त्यात ना बेरीज ना सरासरी, त्यामुळे धूसरपणा तिथून येऊच शकत नाही. नाव मोठं आहे, सबपिक्सल कन्व्होल्यूशन, पण आत इतकंच.

हां, तिचा एक दोष आहे, पण तो वेगळा. सोळा जागांचे सोळा फिल्टर सुरुवातीला रँडम असतात, एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे शेजारशेजारचे पिक्सल जुळत नाहीत आणि फोटोवर बारीक चौकड्या दिसतात. निळ्या आकाशावर झूम करा आणि नक्षी दर चार पिक्सलला रिपीट होतेय का बघा, होत असेल तर गुन्हेगार इथे आहे. उपाय सोपा आहे, सोळाही फिल्टर सुरुवातीला सारखेच ठेवायचे, याला आयसीएनआर म्हणतात. मग पहिल्या दिवशी मॉडेल फक्त प्रत्येक पिक्सलचा सपाट चौकोन करतं आणि तिथून शिकत जातं. थोडक्यात, चौकड्या दिसल्या तर लेयर बघा, धूसर दिसलं तर लॉस बघा.

आता लॉस. कागदावर करून बघू. शर्टावर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा आहेत आणि फोटो लहान करताना शेजारचे दोन पिक्सल मिळून एक झाला. काळा ० आणि पांढरा २५५, एक झाला की करडा, साधारण १२७.५. पण मूळ फोटोत आधी पांढरा आणि मग काळा असता तरी हाच करडा आला असता! म्हणजे मॉडेलसमोर जो पिक्सल आहे त्याची दोन मूळं असू शकतात आणि कुठलं खरं हे त्या पिक्सलमध्ये लिहिलेलंच नाही.

समजा दोन्ही शक्यता निम्म्या निम्म्या. मॉडेलने हिंमत करून "काळा-पांढरा" असं उत्तर दिलं तर निम्म्या वेळा चूक शून्य, आणि निम्म्या वेळा प्रत्येक पिक्सलला २५५ चा वर्ग म्हणजे ६५,०२५. सरासरी साडेबत्तीस हजार. आणि मॉडेलने गुपचूप दोन्हीकडे करडा लावला तर प्रत्येक वेळी १२७.५ चा वर्ग, सव्वासोळा हजारांच्या आसपास. बरोब्बर निम्मी चूक! म्हणजे जो खरी रेघ काढायला जातो त्याला दुप्पट दंड आणि जो काहीच बोलत नाही त्याला शाबासकी. वर्ग घेऊन चूक मोजली की सगळ्यात स्वस्त उत्तर हे शक्य उत्तरांची सरासरी असतं, आणि रेघांची सरासरी काढली की धुकं. माझं मॉडेल नापास नव्हतंच, मी जी परीक्षा ठेवली होती त्यात ते पहिलं आलं होतं.

वर्गाऐवजी नुसता फरक घेतला तर? थोडं बरं. वरच्या उदाहरणात करडा आणि ठाम उत्तर दोघांना सारखाच दंड पडतो, आणि शक्यता साठ-चाळीस असतील तर साठवालं उत्तर जिंकतं. पण केस, गवत, कापडाचा पोत इथे शक्यता दोन नसतात, हजारो असतात, आणि मग तिथेही मधलंच काहीतरी निवडलं जातं.

इथे परसेप्च्युअल लॉस येतो. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या जस्टिन जॉन्सन वगैरेंनी केलं ते असं, की पिक्सलला पिक्सल भिडवायचाच नाही. फोटो ओळखायला आधीच शिकलेलं एक नेटवर्क घ्यायचं, व्हीजीजी, ते गोठवून टाकायचं, आपला फोटो आणि खरा फोटो दोन्ही त्यातून पाठवायचे आणि आतल्या लेयरमध्ये जे आकडे उमटतात त्यांतला फरक मोजायचा. त्या लेयरमध्ये "इथे उभ्या रेघा आहेत" अशा प्रकारची नोंद असते, आणि मध्ये शेजारच्या आकड्यांतला मोठा तेवढा ठेवणारं पूलिंग असतं, त्यामुळे रेघ एखादा पिक्सल इकडे की तिकडे याचं तिला फारसं पडलेलं नसतं. त्यामुळे सरकलेल्या रेघांना दंड कमी आणि करड्या पट्ट्याला जास्त, कारण करड्यात रेघाच नाहीत. सगळा हिशेब उलटला ना! (व्हीजीजीला फोटो देताना ते ज्या फोटोसंग्रहावर शिकलं त्या इमेजनेटचं मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन लावायला विसरू नका, मी विसरलो होतो, एरर काहीच येत नाही, फक्त रंग विचित्र येतात.)

नुसत्या व्हीजीजीवर सोडलं तर मात्र जाळीदार बारीक नक्षी उगवते, म्हणून सोबत बहुतेक वेळा पिक्सलचा लॉस थोडा ठेवतात, किंवा २०१७ च्या एसआरगॅनसारखा खरा-खोटा ओळखणारा डिस्क्रिमिनेटर लावतात. त्याच पेपरातले आकडे बघा. सेट१४ नावाच्या चौदा फोटोंवर, चारपट, पिक्सलच्या चुकीवर ट्रेन केलेल्या मॉडेलचा पीएसएनआर, म्हणजे पिक्सलची चूक कमी तितका जास्त येणारा आकडा, २८.४९, एसआरगॅनचा २६.०२, आणि साध्या बायक्युबिकचा २५.९९. म्हणजे पिक्सलच्या हिशेबाने एसआरगॅन बायक्युबिकइतकंच टाकाऊ! पण माणसांना पाचपैकी मार्क द्यायला लावले तेव्हा बायक्युबिकला १.८०, पिक्सलवाल्याला २.९८ आणि एसआरगॅनला ३.७२. म्हणून कोणी फक्त पीएसएनआरचा तक्ता दाखवला तर मी आधी फोटो मागतो.

आता फुकट काही नसतं. मॉडेल सरासरी सोडून एक उत्तर ठामपणे निवडतं, पण ते खरंच असेल असं नाही. जुन्या कागदाचा बारीक स्कॅन घ्या, त्यात "घ" आहे की "ध" हे शिरोरेघेच्या दोन-तीन पिक्सलवर ठरतं. पिक्सलवालं मॉडेल तिथे डाग काढतं, आपण डोळे बारीक करतो आणि म्हणतो, वाचता येत नाहीये. दुसरं मॉडेल स्वच्छ, टोकदार, छापल्यासारखा "ध" काढून देतं, आणि मूळ कागदावर होता "घ". केसांच्या फोटोला मी बिनधास्त हे वापरतो, एक केस इकडचा तिकडे झाला तर कोणाचं काय जातंय. पण कागदपत्रं, गाडीची नंबरप्लेट, एक्सरे असलं काही असेल तर मला तो डागच द्या.