एकशे वीसचा माठ

नमस्कार श्रोतेहो. आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात नवी घागर येतेच. आज त्या घागरीच्या भावाची गोष्ट.

धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीची चैत्री यात्रा भरली होती. मी रसाच्या गुऱ्हाळाशी उभा होतो. शेजारी एका कुंभारदादांचा माठांचा ढीग. एक मावशी आल्या, एकेका माठाला टिचकी मारू लागल्या. भाजलेला माठ खणखणतो, चीर गेलेला भद्द वाजतो, हे तुम्हाला सांगायला नको. खणखणीत माठ काढून त्या म्हणाल्या, "कितलाले देशी?"

"दोनशे रुपया, माय."

"एकशे वीस."

"नही परवडस, माय."

मावशी दोनदा गेल्या, दोनदा परत आल्या. भाव तोच, एकशे वीस! (रंगवलेले माठ मात्र लोक न बोलता घेतात. अहो, माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. ऑइलपेंटनं छिद्रं बुजवल्यावर ते गार कसं व्हायचं? असो.)

शेवटी मावशी खालीच बसल्या. "मंग हिसाब सांग."

दादा बोटांवर मोजत सांगू लागले. भाजायला आव्यात पन्नास माठ लावले. माती हजाराची, तिच्यात कालवायची लीद आणि भुसा चारशेचा. गोवऱ्या-लाकडं बावीसशेची. टेम्पो हजार, जागेचे दोनशे. झाले अठ्ठेचाळीसशे.

"भागिले पन्नास," मावशी म्हणाल्या, "शंभरलेबी कमीच की!"

"पन्नास कुठं? आवा उघडला तेव्हा दहा तडकलेले. एखाद्यात ओल राहिली की तो फुटतो, आणि शेजारच्यालाही नेतो. चाळीस उरले."

चाळीस. श्रोतेहो, चाळीस लक्षात ठेवा. अठ्ठेचाळीसशे भागिले चाळीस किती? एकशे वीस! मावशींचा भाव रुपयालाही चुकला नव्हता. फक्त त्यात दादांचा हात नव्हता.

मावशी गप्प. मग विचारलं, "दिवस किती लागले?"

"आम्ही दोघं, सहा दिवस. माती तुडवणं, चाक, मग थापीनं ठोकून पोट काढणं."

म्हणजे बारा हजेऱ्या. दोनशेप्रमाणे चाळीसही विकले, तर हाती बत्तीसशे. बारानं भागा, एका हजेरीला पावणेतीनशेही पडत नाहीत. मावशींचं शेत होतं. त्या पुटपुटल्या, "आमच्याकडे निंदणीले बाई तीनशे घेस."

त्यांनी कनवटीची दोनशेची नोट काढून दिली. माठ उचलला, चार पावलं गेल्या आणि परत आल्या.

"झाकणी फुकट दे!"

दादांनी हसत झाकणी दिली. मला हळूच म्हणाले, "ती दोनशेत धरेलच शे, भाऊ."