एका बॅरलचा हिशेब : लहान कारखान्यातील ज्वलनशील द्रावकांची साठवण

श्रोतेहो, नमस्कार.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा लातूर-नांदेडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये रंगकाम, छपाई किंवा चिकटद्रव्य लावण्याचे काम करणारे अनेक लहान कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या शेडमागे बहुधा एक दहा बाय दहा फुटांची खोली असते आणि तिच्यात टोल्युईन या द्रावकाची किंवा थिनरची दोनशे लिटरची बॅरले उभी असतात. आजचे बोलणे या खोलीपुरतेच आहे.

टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे द्रव एवढा थंड असला, तरी त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीने पेटू शकेल इतकी वाफ असते. परभणीत कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हासुद्धा हा द्रव पेटण्याइतका उबदारच असतो. आपल्याकडे सुरक्षित असा ऋतू टोल्युईनला मिळत नाही.

आता खोलीचा हिशेब करू. एक लिटर टोल्युईन पूर्ण उडून गेले, तर त्याची सुमारे २३० ते २४० लिटर वाफ होते. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १.२ टक्क्यांवर गेले, की ते मिश्रण स्फोटक होते. याचा अर्थ, एक लिटर टोल्युईन सुमारे २० घनमीटर हवा धोकादायक करू शकते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत जेमतेम २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे वाफ सगळीकडे सारखी पसरली असे मानले, तरी दीड लिटर द्रव त्या संपूर्ण खोलीला पुरतो, आणि बॅरलमध्ये असतात दोनशे लिटर. प्रत्यक्षात वाफ सारखी पसरतही नाही. ती हवेच्या तिप्पट जड असल्यामुळे फरशीलगत साचते, दाराच्या फटीतून सरपटत बाहेर येते आणि दूरच्या वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत किंवा चालू मोटारीपर्यंत पोहोचून तेथून ज्वाला उलट खोलीत आणू शकते.

म्हणूनच छताजवळ एक्झॉस्ट फॅन बसवून हवा खेळती झाली असे समजणे मला सर्वांत घातक वाटते. तो फॅन वरची गरम हवा बाहेर टाकत राहतो आणि घोट्याएवढ्या उंचीवरची वाफ जागची हलत नाही. ओढणारे तोंड फरशीपासून १२ इंचांच्या आत हवे आणि ताजी हवा आत येण्याची जाळी समोरच्या भिंतीवर हवी, म्हणजे हवेचा झोत फरशी पुसत जाईल. अमेरिकेतील एनएफपीए ३० या मानकाप्रमाणे, जेथे असा द्रव ओतला जातो त्या खोलीतून दर चौरस फुटामागे मिनिटाला एक घनफूट, आणि काही झाले तरी किमान १५० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. आपल्या खोलीत हजार घनफूट हवा आहे, म्हणजे ती सात मिनिटांच्या आत बदलेल. मात्र साध्या फॅनची मोटार त्याच हवेच्या वाटेत असते आणि तिची ठिणगी तेथेच पडू शकते. त्यासाठी मोटार फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणारी, असावी आणि शक्यतो वाटेबाहेर ठेवावी. खोलीतला दिवा फ्लेमप्रूफ असावा आणि त्याचे बटण बाहेर असावे.

एक मर्यादा येथे सांगितली पाहिजे. फॅन हळूहळू झिरपणारी वाफ काढतो. द्रव सांडला, तर थारोळ्यालगतची हवा फॅन चालू असूनही स्फोटकच राहते. म्हणून उंबरठा किमान चार इंच उंच असावा, बॅरलखाली लोखंडी ट्रे असावा आणि खोलीतून गटारात जाणारे छिद्र नसावे.

सर्वांत नाजूक क्षण मात्र साठवणीचा नसून ओतण्याचा असतो. टोल्युईन विजेचे अतिशय वाईट वाहक आहे. ते नळीतून वाहताना, उंचावरून पडून उसळताना त्याच्यावर स्थिर विद्युतभार चढतो आणि तो सहज उतरत नाही. ही वाफ पेटवण्यास सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या बोटाला जी ठिणगी जेमतेम जाणवते, तिच्यात याहून अधिक ऊर्जा असते. शिवाय बॅरलच्या आत, द्रवाच्या वर, थंडीतल्या दहा अंशांपासून पस्तीस अंशांपर्यंत वाफ-हवेचे मिश्रण नेमके स्फोटक मर्यादेत असते. उन्हाळ्यात आतली वाफ कदाचित जास्तच दाट होईल, पण तोंडापाशी हवा मिसळते आणि धोका तेथे उभा राहतो.

म्हणून ओतण्याआधी बॅरल आणि धातूचा कॅन यांना तांब्याच्या लवचिक तारेने व मजबूत क्लिपांनी जोडावे, आणि बॅरल अर्थिंगला जोडावे. क्लिप रंगावर न लावता, रंग खरवडून उघड्या धातूवर लावावी, कारण रंगावर लावलेली क्लिप दिसायला जोडलेली असली तरी विजेच्या दृष्टीने जोडलेली नसते. तार आधी जोडावी, मगच झाकण उघडावे, आणि झाकण बंद झाल्यावरच काढावी. नळीचे तोंड कॅनच्या तळाला टेकवावे, आणि ते द्रवात बुडेपर्यंत प्रवाह संथ, सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवावा. प्लॅस्टिकच्या बादलीला अर्थिंग देता येत नाही. तिच्यावर ठेवलेले पत्र्याचे नरसाळे तर अधिकच वाईट, कारण त्यावर साचलेला भार जवळ आलेल्या धातूवर किंवा बोटावर एकदम उडी घेतो. कामगाराचे कपडे सुती असावेत आणि बूट भार जमिनीत जाऊ देणारे असावेत.

मराठवाड्यात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये रोध मोजून घ्यावा. खोलीत पाणी शिंपडून हवा दमट केल्याने कपड्यांवरचा भार कमी होईल, परंतु द्रवाच्या आत चढलेला भार त्याने उतरत नाही.

आता प्रमाणाकडे येऊ. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले द्रवरूप हायड्रोकार्बन, आणि हायड्रोकार्बन असलेली तशी ज्वलनशील मिश्रणे, ‘अ’ वर्गात येतात. टोल्युईन त्यात येते आणि टोल्युईन असलेले थिनरही बहुतेक वेळा येते. विक्रीसाठी नसलेले असे द्रव एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते, तेही काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट बंद भांड्यात. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे चालत नाही. प्लॅस्टिकचे नाव या यादीत नाही, आणि एक बॅरल या मर्यादेच्या सहापटीहून अधिक आहे. त्यापुढील साठ्यासाठी परवाना लागतो. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हे काम पाहते.

दिवसाला वीस लिटर थिनर लागणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घ्या. भाव कमी मिळतो म्हणून मालक तीन बॅरले घेतात. त्यातून महिनाभराचा साठा कामगारांच्या शेजारी येतो. तेवढाच माल पुरवठादाराकडून वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्यांत दररोज एक डबा असा घेतला, तर भाव थोडा चढतो. पण बॅरलमधून ओतण्याचे काम उरत नाही, आणि नवा डबा येताना जुना संपलेला असेल, तर साठा ३० लिटरच्या आत राहतो. मला हा सौदा महाग वाटत नाही. शेडमध्ये चालू पाळीपुरताच डबा ठेवावा आणि काम थांबताच झाकण लावावे.

रिकाम्या बॅरलांची गोष्ट वेगळी आहे. टंचाईच्या दिवसांत पाणी साठवण्यासाठी त्यांना गावोगाव मागणी असते, आणि गॅस कटरने किंवा ग्राइंडरने त्यांचे तोंड कापले जाते. तळाशी उरलेले पेलाभर टोल्युईनसुद्धा आतली हवा स्फोटक करण्यास पुरेसे असते, त्यामुळे कापताना बॅरल फुटते. रिकामे बॅरल भरलेले समजून, दोन्ही बुचे घट्ट लावून त्याच खोलीत ठेवावे, नोंदवहीत त्याची मोजणी करावी, आणि ते पुरवठादाराला किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावे.