एकशे नव्वद किलोला चारशे ग्रॅम कमी: एका कपॅसिटरचं प्रकरण

(कुपवाड एमआयडीसी, रिपेअरिंगचं छोटं वर्कशॉप, टेबलावर उघडा इंडिकेटर)

हा जो पिवळा पडलेला डबा दिसतोय ना, तो रंगाने पिवळा नाही, ती हळद आहे. सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामातून आलाय. आत पोती आल्यावर पटकन तपासायला ठेवलेला जुना वजनाचा इंडिकेटर, खाली वजनाचा दाब ओळखणारा लोडसेल, वर साडेतीन डिजिटचा डिस्प्ले, १९९.९ किलोपर्यंत दाखवतो. व्यापाराचा काटा वेगळा असतो, त्याला वजनमापवाल्यांची मोहोर लागते, हा फक्त घरच्या वापराचा.

तक्रार विचित्र आहे. शंभर किलोचं वजन ठेवलं की बरोबर शंभर. पन्नास ठेवलं की पन्नास. आणि एकशे नव्वद ठेवलं की १८९.६. मधे एका ठिकाणी रिपेअर झाला होता, तेव्हापासून असं होतंय. गोदामवाल्याने तीनदा कॅलिब्रेट करून आणला, मोठ्या वजनाला बरोबर केला की शंभरला चुकतो. पोत्यामागे किती नुकसान झालं वगैरे त्याने सांगितलं, ते राहू दे.

(क्लोजअप: बोर्ड, मधोमध चाळीस पायांची आयसी)

रिपेअर करणारे काका इथं पहिल्यांदा ट्रिमपॉटला, म्हणजे ज्या स्क्रूने कॅलिब्रेशन करतात त्याला, हातच लावत नाहीत. "ट्रिमपॉट फिरवून फिरवून झिजला आसंल, पण हे त्यानं जाणार न्हाई," म्हणतात, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या बारक्या पिवळ्या कपॅसिटरवर ठेवतात. त्यावर लिहिलंय २२४, म्हणजे ०.२२ मायक्रोफॅरॅड. व्हॅल्यू बरोबर आहे, जागा पण बरोबर आहे, आयसी आहे ७१०७, म्हणजे व्होल्टेज मोजून आकड्यात दाखवणारा अख्खा मीटरच, आणि तिच्या इंटिग्रेटरला, म्हणजे इनपुटचा करंट साठवत जाणाऱ्या भागाला, एवढाच कपॅसिटर लागतो. चूक आहे ती जातीत. हा मल्टिलेयर सिरॅमिक आहे, एक्स-सेव्हन-आर टाइपचा, बाजारात ज्याला सगळे मोनो म्हणतात. इथं पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा पाहिजे होता.

आता हे खरंच त्याचंच काम आहे का, हे कसं कळणार? त्यासाठी एक टेस्ट आहे, आणि आम्ही ती पूर्ण शूट केली कारण ती बघायलाच मजा येते. लोडसेलची वायर काढली, आणि मीटरचा इनपुट त्याच्या स्वतःच्याच रेफरन्सला, म्हणजे ज्या ठराविक व्होल्टेजशी तो तुलना करतो त्याला, जोडला. पाय ३१ ला ३६, पाय ३० ला ३५. म्हणजे मीटर आता स्वतःच्या रेफरन्सची तुलना स्वतःच्याच रेफरन्सशी करतोय, उत्तर हजारच यायला पाहिजे, फार तर ९९९. डाटाशीटमध्येही हेच दिलंय. रेफरन्स किती व्होल्ट आहे, ट्रिमपॉट कुठं आहे, याचा इथं काहीच संबंध येत नाही.

(डिस्प्ले: ९९५, ९९६, ९९५)

बघा. पाच काउंट कमी.

हे का होतं ते समजायला मीटर आत काय करतो ते बघावं लागतं, आणि ते ऑसिलोस्कोपवर फार सुंदर दिसतं. मीटर आधी ठराविक वेळ, या बोर्डवर साधारण ८३ मिलिसेकंद, इनपुटच्या करंटने कपॅसिटर चार्ज करतो. इनपुट जास्त तर चढ जास्त. मग इनपुट सोडून उलट्या दिशेने रेफरन्स लावतो आणि शून्यावर यायला किती काउंट लागले ते मोजतो. तोच आकडा आपल्याला दिसतो. स्क्रीनवर तिकोना टोपीसारखा जो आकार दिसतोय, तो हाच.

या ड्युअल स्लोप पद्धतीतली हुशारी अशी की कपॅसिटरचे बहुतेक दोष आपोआप कटतात. टॉलरन्स घ्या. ०.२२ च्या जागी ०.२० निघाला तर चढही जास्त होईल आणि उतारही तितकाच जोरात होईल, काउंट तेवढेच. टेंपरेचरचंही तसंच. पॉलिप्रॉपिलीन डिग्रीला साधारण दोनशे पीपीएमने, म्हणजे दहा लाखात दोनशेने, कमी होतो, म्हणजे सकाळी वीस आणि दुपारी पत्र्याखाली चाळीस असेल तर ०.४ टक्के फरक, आणि साध्या इंटिग्रेटरमध्ये पूर्ण स्केलला हे आठ काउंट झाले असते. इथं शून्य, कारण चढ आणि उतार दोन्ही एकाच तापमानाला होतात. लीकेज? चांगल्या फिल्म कपॅसिटरचा चार्ज स्वतःहून उतरायला काही तास लागतात, ८३ मिलिसेकंदात त्याचं काय बिघडणार. हां, बोर्डवर फ्लक्स आणि हळदीची ओलसर धूळ बसली असेल तर लीकेज कपॅसिटरच्या बाहेरून होतं, म्हणून काका आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतात. पण इथं धुऊनही ९९५ च होतं.

उरतो एक दोष, डायइलेक्ट्रिक अब्सॉर्प्शन. तो मात्र कटत नाही. कपॅसिटर चार्ज होताना सगळा चार्ज प्लेटवर बसत नाही, थोडा मधल्या मटेरियलमध्ये हळूहळू मुरतो, जसं लोणच्यात मीठ मुरतं तसं, आणि परत काढायला गेलो की लगेच येत नाही. उतार संपून व्होल्टेज शून्यावर आलं तरी थोडा चार्ज आत अडकलेलाच असतो, म्हणजे मीटरला वाटतं संपलं, आणि तो लवकर थांबतो. म्हणून काउंट कमी.

आता एकशे नव्वदचं कोडं. जो चार्ज मुरतो तो कपॅसिटर किती व्होल्टवर किती वेळ राहिला यावर. चढाचा वेळ नेहमी सारखाच असतो, उताराचा वेळ वजनाप्रमाणे वाढतो. शंभरला चढ आणि उतार सारखाच वेळ घेतात, एकशे नव्वदला उतार जवळपास दुप्पट लांबतो, मुरायला जास्त वेळ मिळतो. हिशोब केला तर चुकीची टक्केवारी साधारण एक अधिक रीडिंग आणि रेफरन्सचं गुणोत्तर, या बेरजेच्या प्रमाणात वाढते. शंभरला ती बेरीज दोन, एकशे नव्वदला २.९. शंभरला चूक अर्धा टक्का होती, म्हणजे एकशे नव्वदला ०.७२ टक्के. त्यातली अर्धा टक्का ट्रिमपॉट फिरवून शंभरला लपवली, उरले ०.२२ टक्के, १९०० काउंटवर तेवढेच चार. डिस्प्लेवर १८९.६! आणि पन्नासला? तिथं उलट चूक कमी आहे म्हणून तो किंचित वर जातो, पण अर्ध्या-पाऊण काउंटने, कधी दिसतो कधी नाही. म्हणून पन्नास बरोबर वाटत होतं. कॅलिब्रेशनने सरळ रेषा फिरवता येते, वाकडी रेषा सरळ करता येत नाही.

(तीन पोझिशनचा रोटरी स्विच, बाजूला चार कपॅसिटर ओळीने)

हे मुरणं डोळ्याने बघायचं होतं म्हणून काकांनी एक जुगाड केला. स्विचच्या पहिल्या पोझिशनला कपॅसिटर दहा व्होल्टवर चार्ज, पाच मिनिटं. दुसरीला दहा सेकंद शॉर्ट. तिसरीला मोकळा सोडून रीडिंग. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, साधा मल्टिमीटर थेट लावू नका, त्याचा दहा मेगओहमचा इनपुट एक मायक्रोफॅरॅडला दहा सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने रिकामा करतो, परत येणारं व्होल्टेज दिसायच्या आतच संपतं. मधे बफर पाहिजे, म्हणजे व्होल्टेज तेवढंच पुढे देणारा ऑपॅम्प, आणि तोही बायस करंट जवळपास नसलेला, म्हणजे स्वतः कपॅसिटरमधून काही न ओढणारा. काकांनी एलएमसी ६६२ वापरलाय, प्लस मायनस सहा व्होल्टवर, म्हणजे शून्याच्या आसपासचं पण नीट वाचता येतं.

(मीटरचं व्होल्टेज हळूहळू वर चढताना)

शॉर्ट करून मोकळा सोडलेला कपॅसिटर परत जिवंत होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं सप्लाय कुठंतरी चिकटलाय. इलेक्ट्रोलिटिक सगळ्यात वाईट, काही वेळा तर एक व्होल्टच्या आसपास जातो. मोनो दीड-दोनशे मिलिव्होल्ट. मायलर म्हणजे पॉलिस्टर, वीस ते पन्नास. आणि पॉलिप्रॉपिलीन दोन ते पाच मिलिव्होल्टमध्ये थांबला. चौघांवर व्हॅल्यू सारखीच छापलेली आहे.

टेफ्लॉन आणि पॉलिस्टायरीन पॉलिप्रॉपिलीनच्याच पंगतीत बसतात, पण टेफ्लॉन आपल्या बाजारात मिळणं अवघड आणि पॉलिस्टायरीन पंच्याऐंशी डिग्रीच्या पुढे नरम पडतो, सोल्डरिंग करताना पाय चिमट्यात धरावा लागतो नाहीतर गेला. एनपीओ सिरॅमिक टेंपरेचरला सगळ्यात चांगला, डिग्रीला तीस पीपीएमच्या आत, पण ०.२२ एवढ्या मोठ्या व्हॅल्यूत महाग आणि सहसा दुकानात नसतो.

(जुना कपॅसिटर निघतो, नवा चौकोनी डबी)

नवा पॉलिप्रॉपिलीन आकाराने किती मोठा आहे बघा, पाय पंधरा मिलिमीटर लांब अंतरावर, आणि बोर्डवरची भोकं पाच मिलिमीटरची. बहुतेक ठिकाणी इथंच लोक मोनो टाकून मोकळे होतात, कारण तो बसतो. काकांनी पाय वाकवून स्लीव्ह घालून आडवा झोपवला, बाहेरून थोडा सिलिकॉन. पॉवर दिली, परत रेफरन्स इनपुटला. १०००. मग वजनं ठेवली, शंभर, १००.०. एकशे नव्वद, १९०.०. पन्नास, ५०.०. काका काही बोलले नाहीत, चहा आला होता.

आता याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी पॉलिप्रॉपिलीन टाका असा नाही, कारण दुसऱ्या टेबलावर अगदी उलटं प्रकरण होतं.

(मातीने माखलेला प्लास्टिकचा डबा, आत टायमरची आयसी ५५५)

तासगावकडच्या द्राक्षबागेतला ठिबकचा टायमर. पाच मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद व्हायला पाहिजे, होत नाही. बागेतलं शूट आमच्याकडे नाही, पण सर्किट आहे. ५५५, एक मेगओहमचा रेझिस्टर, २७० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक. फॉर्म्युल्याने १.१ गुणिले आरसी, म्हणजे २९७ सेकंद, कागदावर बरोब्बर. इथं मुरणं वगैरे काही नाही, इथं लीकेजने मारलंय. बारा व्होल्टवर ५५५ आठ व्होल्टला पलटतो, आणि आठ व्होल्टवर पोचताना त्या एक मेगओहममधून फक्त चार मायक्रोअँपिअर येत असतात. उन्हात वर्षभर तापलेल्या इलेक्ट्रोलिटिकचं स्वतःचं लीकेजच तेवढं झालं की तो भरायचा थांबतो, आणि आठ व्होल्ट कधी येतच नाहीत. काकांनी मीटर लावला तर सातच्या जवळ अडकलेलं होतं. नवा इलेक्ट्रोलिटिक टाकला तर चालेल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

काकांनी सर्किटच बदललं. सीडी ४०६० ही पल्स मोजणारी आयसी, आतला ऑसिलेटर २७ हर्ट्झवर, ०.१ मायक्रोफॅरॅड आणि १६० किलोओहमच्या आसपास, आणि शेवटच्या स्टेजच्या पायावर ८१९२ पल्सनंतर आउटपुट वर. २७.३ ने ८१९२ ला भागा, तीनशे सेकंद. एवढासा कपॅसिटर फिल्मचा मिळतो, लीकेज विसरून जा. पण इथं ड्युअल स्लोपसारखं काही कटत नाही, टॉलरन्स आणि टेंपरेचर सरळ वेळेत उतरतात. पाच टक्क्याचा कपॅसिटर पंधरा सेकंद इकडे तिकडे करेल, ते प्रिसेट फिरवून एकदाच जातं. टेंपरेचरला मायलर डिग्रीला चारशे पीपीएम धरला तर हिवाळ्याच्या पहाटेच्या दहा डिग्रीपासून चाळीसपर्यंत १.२ टक्के, म्हणजे साडेतीन सेकंद. काकांनी मायलरच टाकला. "ठिबकला साडेतीन सेकंदानं काय होतंय," म्हणाले, आणि डब्याला गॅस्केट बसवायला घेतलं.