ऐंशीवर अडलेला रॉड

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे बेंच प्रेसबद्दल. बाकावर पाठ टेकून रॉड छातीपर्यंत आणायचा आणि वर ढकलायचा, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि हेही माहीत आहे की पहिलं वर्षभर वजन भराभर वाढतं आणि मग एके ठिकाणी अडतं. आज त्या अडलेल्या रॉडची गोष्ट.

इचलकरंजीतला यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा आमच्या व्यायामशाळेत यायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. एकदा म्हणाला, "वस्ताद, सहा म्हैनं झालं, ऐंशीच्या वर रॉडच हलंना." म्हटलं, चल, दाखव. त्यानं 80 किलो लावलं. 20 चा रॉड, दोन्ही बाजूंना 20 आणि 10 ची प्लेट. डोक्याशी त्याचा मित्र उभा. रॉड खाली आला, छातीला लागला, दोन-तीन इंच वर आला आणि थांबला. लगेच मित्रानं दोन्ही हातांनी रॉड ओढायला सुरुवात केली आणि तोंडानं चालू, "तुझं तूच उचलतोयस, तुझं तूच!" रॉड वर गेला. पोरगा खूश. मित्राच्या कपाळावर घाम!

मी त्या मित्राला हात मागे बांधून उभं केलं. रॉड अडला तरच धरायचा, एरवी शिवायचं नाही. मग पाच-पाच किलोनं वजन उतरवलं. एकट्यानं निघाले 75. म्हणजे ऐंशीवर तो अडलाच नव्हता, ऐंशीपर्यंत पोचलाच नव्हता. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. रॉड अडलाय असं वाटलं की आधी खरा आकडा काढा. दुसऱ्याचा हात न लागता निघालेला आकडा.

जाता जाता सांगतो, हल्ली जिममध्ये गाणी इतकी मोठ्यानं लावतात की खाली झोपलेला माणूस "धर" म्हणाला तरी वरच्याला ऐकू जात नाही. तालमीत कुणी गाणं लावल्याचं मला आठवत नाही. असो.

मग विचारलं, रोज काय करतोस? सोमवार, बुधवार, शुक्रवार एकच. 40 किलोचे 10 रेप, 50 चे 8, 60 चे 6, आणि शेवटी 80 चा प्रयत्न. मध्ये विश्रांती किती? तर मित्राचा सेट होईपर्यंत, म्हणजे मिनिटभरसुद्धा नाही. सहा महिने तेच वजन, तेच रेप, तीच विश्रांती. अंगाला नवीन काही मिळतच नव्हतं, आणि आठवड्यातून तीनदा परीक्षा मात्र चालू होती.

आम्ही 12 आठवडे आखले. पहिली अट, 80 ला हात लावायचा नाही. पहिले चार आठवडे 55 किलो, 8 रेपचे 4 सेट, मध्ये दोन मिनिटं. यात रॉड जोरात वर जातो, कष्ट असतात पण झगडा नसतो. पुढचे चार आठवडे 5 रेपचे 5 सेट, आणि वजन दर आठवड्याला अडीच किलोनं वर: 57.5, 60, 62.5, 65. मध्ये पुरती तीन मिनिटं. मग तीन आठवडे 3 रेपचे 4 सेट, 67.5, 70, 72.5, मध्ये चार ते पाच मिनिटं. शेवटचा आठवडा हलका, 50 किलोवर थोडंसं काम. पुन्हा सांगतो: आधी आठ, मग पाच, मग तीन. रेप कमी होत जातात, वजन आणि विश्रांती वाढत जाते.

आता अडीच किलो वाढवायचे तर दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोची प्लेट पाहिजे. बहुतेक व्यायामशाळांत ती नसते. असते ती अडीचची, म्हणजे उडी थेट पाच किलोची. आम्ही एका लेथवाल्याकडून सव्वा किलोच्या दोन चकत्या कातून घेतल्या. लोक हजारोंचे प्रोटीनचे डबे घेतात आणि या दोन चकत्या घेत नाहीत, याचं मला फार नवल वाटतं.

वजन पेललं त्यानं, पण तीन मिनिटं बसणं त्याला जड गेलं. मागाजवळ दिवसभर उभा राहणारा माणूस, नुसतं बसवेना. बाकीचेही कुरकुरायचे, "बाक अडवून बसलाय नुसता." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचो. जोराच्या सेटमध्ये स्नायूतली झटपट वापरायची शक्ती संपते, आणि गच्चीवरच्या टाकीसारखी ती भरायला वेळ लागतो. मिनिटात अर्धीमुर्धी भरते, तीन मिनिटांत बहुतेक. 2016 साली अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवर आठ आठवडे हेच पाहिलं. एका गटाला एक मिनिट विश्रांती, दुसऱ्याला तीन मिनिटं. बेंच प्रेसचं वजन तीन मिनिटंवाल्यांचं जास्त वाढलं.

राहिला व्यायामाचा प्रकार. त्याचा रॉड छातीपासून दोन-तीन इंचांवर थांबायचा, आणि खाली येताना तो छातीवर आपटून उसळी घ्यायचा. म्हणून गुरुवारी वेगळं. 50 किलो लावायचं, रॉड छातीवर आणायचा, दोन सेकंद स्थिर धरायचा आणि मग ढकलायचा. 4 रेप, 4 सेट. उसळी गेली की तळातलं बळ वाढवावंच लागतं. तुमचा रॉड वरच्या टप्प्यात, कोपर सरळ होताना अडत असेल, तर हे नको. तिथं हात खांद्यांच्या रुंदीइतके जवळ धरून बेंच करा, त्यात दंडाच्या मागच्या स्नायूंवर जास्त भार येतो. रॉड कुठं अडतो ते बघून प्रकार निवडा. आणि एका वेळी एकच. चार प्रकार एकदम सुरू केले तर कशानं फरक पडला हे कळणार नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागलं तर मात्र वजन वाढवायचं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आठव्या आठवड्यात त्याची रातपाळी होती. 65 च्या शेवटच्या सेटला चारच रेप निघाले. मित्र पुढं सरसावला, मी त्याला मागं ओढलं. चार तर चार. पाळी बदलली आणि पुढच्या आठवड्यात 67.5 चे सगळे सेट पूर्ण झाले. शेवटी 72.5 चे तीन रेप आले, तेव्हाच मला 80 दिसत होते.

परीक्षेच्या दिवशी आधी 40, 55, 65, 72.5, थोडे थोडे रेप, शेवटचे दोन एकेकच. पाच मिनिटं बसला. मग 80. रॉड छातीवर आला, दोन-तीन इंचांवर नेहमीच्या जागी मंदावला, पण थांबला नाही. मित्राचे हात मागेच. वर गेल्यावर पोरगा उठून म्हणाला, "वस्ताद, आता ब्याऐंशी लावू?" मी प्लेटा उतरवल्या. पुढच्या सोमवारपासून पुन्हा 8 रेपचे सेट, या वेळी 60 किलोवर. नमस्कार.