‘सायलेन्स’पासून ‘कट’पर्यंत

वाईतला एक जुना वाडा, सिनेमाचं शूटिंग. ओसरीवर आई तांदूळ निवडतेय. मुलगा बॅग घेऊन दारातून येईल, ती मान वर करेल, एकच वाक्य बोलेल. पण त्याआधी फर्स्ट एडीचा, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाचा, आवाज ऐका.

“सायलेन्स प्लीज!”

पंखे थांबतात. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला असिस्टंट दुचाक्या अडवतो आणि वॉकीवर कळवतो. स्वयंपाकघरातला फ्रिजसुद्धा बंद आहे. साउंड रेकॉर्डिस्टने आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवलीय. निघताना किल्ली आठवली की फ्रिजही आठवतो. नाहीतर घरमालकाचं दूध नासायचं.

“रोल साउंड.”

एडी थांबतो. “रोलिंग” असं उत्तर आल्याशिवाय तो पुढचा शब्द काढत नाही. मग “रोल कॅमेरा”, आणि पुन्हा “रोलिंग”.

आधी आवाज, मग कॅमेरा. ही फिल्मच्या दिवसांतली काटकसर. टेप स्वस्त होती, फिल्म महाग. 35 मिलिमीटरचं 400 फुटी रीळ साधारण साडेचार मिनिटांत संपायचं. म्हणून कॅमेरा शेवटी फिरवायचा. आता कार्डावर शूटिंग होतं, क्रम मात्र तोच राहिला.

“सीन ट्वेंटी फोर, शॉट थ्री, टेक वन.” टक्!

क्लॅपची फळी मिटते ती फ्रेम आणि तो ‘टक्’ एडिटर एकमेकांवर बसवतो. कॅमेरा सुरू व्हायच्या आत क्लॅप वाजली, तर आवाज आहे पण चित्र नाही. मग शॉटच्या शेवटी फळी उलटी धरून पुन्हा वाजवावी लागते.

आता कॅमेरामनला दोन क्षण हवेत. फोकस अजून क्लॅपवर आहे, तो आईच्या चेहऱ्यावर न्यायचाय. इथेच घाई झाली. त्याच्या “सेट”ची, म्हणजे तयार असल्याच्या इशाऱ्याची, वाट न पाहता “ॲक्शन” गेलं, आणि आईने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा धूसर होता. टेक वन वाया.

टेक टू. “सेट.” एडी म्हणतो, “बॅकग्राउंड!” अंगणातल्या बायका पाणी भरू लागतात. त्यांच्या हालचालीला लय आली की दिग्दर्शक हळूच म्हणतो, “ॲक्शन.” दोन्ही एकदम दिलं असतं, तर त्या बायका शॉटच्या सुरुवातीलाच पुतळ्यांना जाग आल्यासारख्या हलल्या असत्या.

आईचं वाक्य संपतं. एडी गप्प. कोणाच्या जिवाला धोका नसेल, तर ‘कट’ फक्त दिग्दर्शकाचा. एक, दोन, तीन सेकंद. आईची नजर मुलाच्या फाटक्या बुटांवर जाते. हे कागदावर नव्हतं.

“कट!”

लगेच गलका सुरू होणार, तेवढ्यात साउंड रेकॉर्डिस्ट हात वर करतो. त्याला रिकाम्या ओसरीचा तीस सेकंदांचा आवाज हवाय, संवादांमधल्या फटी बुजवायला. सगळे होते तिथेच उभे राहतात. मग तो हेडफोन उतरवतो आणि किल्ली आणायला स्वयंपाकघरात जातो.