सोलांचं वर्ष, आगळाचं वर्ष

नमस्कार श्रोतेहो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मी भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं आणि आगळ, म्हणजे खारवलेला रस, करून विकते. वर्ष सरत आलंय, म्हणून ज्यांनी माझा माल घेतला त्यांचे आभार मानायला आणि या वर्षाने काय शिकवलं ते सांगायला आज आले आहे.

2025 साली मे संपायच्या आतच मान्सून गोव्यात उतरला. आमचा धंदा उन्हावर चालतो. भिरंड फोडायचं, गर आणि बिया काढायच्या, साल उन्हात घालायची, संध्याकाळी मिठाच्या रसात बुचकळायची आणि सकाळी पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा झालं की सोल काळं, मऊ आणि टिकाऊ होतं. पाऊस आला तेव्हा सगळी साल अर्ध्या वाटेवर होती.

अर्धवट सुकलेलं सोल वरून ओळखू येत नाही. ते मधोमध दुमडून घट्ट दाबा. घडीत रस पाझरला, तर पंधरा दिवसांत थरांमध्ये पांढरी बुरशी येणार. शिवाय अशा सोलांत पाण्याचं वजन असतं, म्हणजे गिऱ्हाईक सोलांच्या भावाने पाणी घेतं. मला ते विकायचं नव्हतं. ज्या सालीला रसाची पुढची पुटं मिळालीच नाहीत, ती मी आगळाकडे वळवली. पाच किलो सालीला एक किलो जाडं मीठ, चिनी मातीच्या बरणीत, रोज लाकडी पळीने ढवळून. धातूचं भांडं नको, आंबट रस ते खातो.

पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाला, सोलांची मागणी सांगून ठेवलेल्या बायकांना मी फोन केले. म्हटलं, सोलं कमी आहेत, आगळ चालेल का? बहुतेकींनी विनातक्रार होकार दिला. त्या होकारावर माझं पावसाळ्याचं घर चाललं. तुमचे ऋण मी विसरणार नाही.

जुलैत म्हापशाच्या एक काकी बाटली घेऊन आल्या. झाकण उघडताच फस्सकन आवाज, वर बुडबुडे. आगळ आंबलं होतं. बोलता बोलता कळलं, त्यांनी ते धुतलेल्या ओल्या बाटलीत ओतलं होतं. पाण्याने मीठ पातळ होतं, आणि तिथून बिघाड सुरू होतो. तेव्हापासून मी प्रत्येक बाटलीबरोबर सांगते: बाटली कोरडी, चमचा कोरडा, आणि फस्सकन आवाज आला तर चव न बघता टाकून द्या.

पुढच्या हंगामात पहिली पिकलेली भिरंडं सोलांना जातील आणि मेच्या मध्यानंतरची थेट आगळाला. म्हणून सोलं हवी असतील त्यांनी एप्रिलमध्येच सांगून ठेवा. रिकाम्या बाटल्या परत आणा, पण चांगल्या वाळवून.